158 चा हिरडा आणि 412 चा हिरडा

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेला, कोरची-कुरखेड्याच्या पट्ट्यात, एका गावच्या गटाने हिवाळ्यात हिरडा गोळा केला. नेहमीसारखा अख्खा न विकता यंदा त्यांनी तो फोडून, आतलं कठीण बी काढून, नुसती साल वाळवली. मेहनत दुप्पट, म्हणून भावही बरा मिळावा ही अपेक्षा रास्तच होती. विकण्याआधी त्यांनी एका प्रयोगशाळेतून तपासणी करून घेतली. अहवालात एकूण फिनॉल्स, म्हणजे टॅनिनसारख्या घटकांचं प्रमाण, 158 आले.

व्यापारी आला तो दुसरीकडच्या हिरड्याच्या भुकटीचं एक पाकीट आणि त्याचा वेगळ्या प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन. त्यात तोच आकडा 412 होता. 'तुमचा माल अर्ध्याहून हलका आहे,' असं सांगून त्याने भाव पाडला. गटाचे सचिव दोन्ही अहवाल आणि दोन्ही माल घेऊन आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात आले. "मॅडम, जंगल तर तेच, झाडं तशीच. मंग आमचा हिरडा एवढा हलका कसा काय निंगला?"

अहवालांमध्ये आणखी एक कोडं होतं. दोघांनीही डीपीपीएच चाचणी केली होती, म्हणजे अर्क मुक्त मूलकांना, जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंना, किती निष्प्रभ करतो ते पाहिलं होतं. तिथे गटाच्या हिरड्याला 93.1 टक्के आणि व्यापाऱ्याच्या हिरड्याला 92.4 टक्के मिळाले होते. म्हणजे फिनॉल्स अडीच पटींहून जास्त, आणि त्याच फिनॉल्सनी करायचं काम मात्र दोघांत सारखंच. हिरड्याची मूलकं मारण्याची ताकद मुख्यतः त्याच्या टॅनिनवर्गीय फिनॉल्समधून येते, तेव्हा हे दोन निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. असं दिसलं की मालावर शंका घेण्याआधी आकडा कसा तयार झाला ते बघायचं असतं.

दोन्ही अहवाल नीट वाचले. द्रावक दोघांचाही 80 टक्के मिथेनॉल. पद्धत दोघांचीही फोलिन-सिओकाल्तू. प्रमाण पदार्थ दोघांचाही गॅलिक आम्ल. एकक एकाने लिहिलं होतं 'मिग्रॅ गॅलिक आम्ल समतुल्य प्रति ग्रॅम नमुना' आणि दुसऱ्याने 'मिग्रॅ गॅलिक आम्ल समतुल्य प्रति ग्रॅम अर्क'. सगळी गोम या शेवटच्या शब्दात आहे. पहिल्याने भुकटीचा एक ग्रॅम धरला. दुसऱ्याने भुकटीचा अर्क काढला, मिथेनॉल उडवून तो वाळवला, आणि त्या वाळलेल्या चिकट अर्काचा एक ग्रॅम धरला. हिरड्याच्या सालीतला जो तंतूचा, न विरघळणारा भाग असतो तो दुसऱ्या हिशेबात आधीच बाहेर पडलेला असतो, त्यामुळे तिथला आकडा मोठा दिसणारच. दुसऱ्या अहवालाच्या आतल्या पानावर अर्काचा उतारा 30.4 टक्के दिला होता. म्हणजे शंभर ग्रॅम भुकटीतून 30.4 ग्रॅम वाळलेला अर्क निघाला. मग 412 गुणिले 0.304, उत्तर 125. व्यापाऱ्याचा हिरडा भुकटीच्या हिशेबाने 125 चा होता आणि गटाचा 158 चा.

हा गुणाकार कागदावर करून देऊन प्रकरण मिटवता आलं असतं. पण दोन वेगळ्या प्रयोगशाळा, दोन वेगळे दिवस, दोन वेगळी प्रमाण द्रावणं. अशा स्थितीत 158 आणि 125 मधला फरक खरा आहे की मापनातला, हे सांगता येत नाही. म्हणून दोन्ही नमुने एका दिवशी, एका रॅकवर, एकाच प्रमाण द्रावणाने करायचे ठरले. एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने प्रकल्प म्हणून हे काम घेतलं.

दोन्ही भुकट्या आधी एकाच चाळणीतून काढल्या, कारण जाड भुकटीतून अर्क कमी उतरतो आणि तो दोष मालाच्या माथी बसतो. चाळतानाच एक गोष्ट दिसली. गटाची भुकटी जवळजवळ सगळी खाली गेली. व्यापाऱ्याच्या पाकिटातली भुकटी हलवली तेव्हा जाळीवर फिकट पिवळसर, खरखरीत, दाताला कणकण लागतील असे दाणे उरले. ते खलात पुन्हा कुटून चाळले आणि मिसळून टाकले, कारण नमुना आहे तसाच तपासायचा होता. पण ते दाणे कशाचे आहेत याचा अंदाज तेव्हाच आला होता.

प्रत्येक भुकटीचा 1 ग्रॅम तोलून 80 टक्के मिथेनॉलच्या तीन हप्त्यांत, दर वेळी 15 मिली, हलवून अर्क काढला. तिन्ही वेळचं गाळलेलं द्रावण एकत्र करून आकारमान 50 मिली केलं. या द्रावणाच्या एका मिलीत आता 20 मिग्रॅ भुकटीचा अर्क आहे. हे वाक्य विद्यार्थिनीने वहीत पहिल्या ओळीला लिहिलं, कारण पुढचे सगळे हिशेब इथून फुटतात. अशी तीन स्वतंत्र वजनं प्रत्येक नमुन्याची घेतली. एकाच नळीचं तीनदा वाचन घेऊन त्याला तीन नमुने म्हणायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. त्यातून यंत्र किती स्थिर आहे एवढंच कळतं, माल किती सारखा आहे ते कळत नाही.

फोलिनच्या चाचणीसाठी हा अर्क पन्नासपट पातळ केला, म्हणजे 1 मिलीचा 50 मिली. हिरड्यासारख्या टॅनिनने भरलेल्या मालाला एवढं पातळ करावंच लागतं. दहापटच पातळ केलं तर नळी दौतीतल्या शाईसारखी गर्द होते, रंगाची गडदता मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचा आकडा 2 च्या वर जाऊन अविश्वसनीय होतो आणि कधीकधी तळाशी गाळही बसतो. वाचन 0.2 ते 0.8 च्या दरम्यान पडेल असं पातळ करायचं, हा आमचा नियम.

नळीत 0.5 मिली पातळ अर्क, त्यावर दहापट पातळ केलेलं फोलिन अभिकर्मक 2.5 मिली, पाच मिनिटं थांबून 7.5 टक्के सोडियम कार्बोनेट 2 मिली. मग अंधारात एक तास, आणि 765 नॅनोमीटरवर वाचन. हा क्रम उलटा चालत नाही. अभिकर्मकात फॉस्फोमॉलिब्डेट आणि फॉस्फोटंग्स्टेट असतात. फिनॉलकडून इलेक्ट्रॉन मिळाले की त्यांचा पिवळा रंग निळा होतो. फिनॉल इलेक्ट्रॉन सहज देतं ते अल्कधर्मी द्रावणात, म्हणून कार्बोनेट लागतं. पण त्याच अल्कधर्मी द्रावणात अभिकर्मक स्वतःही हळूहळू मोडत असतं. कार्बोनेट आधी घातलं आणि मग अभिकर्मक, तर फिनॉलशी गाठ पडण्याआधीच ते वाया जायला लागतं आणि रंग फिका येतो. बाटलीतलं अभिकर्मक पिवळं असलं पाहिजे. हिरवट झालं असेल तर ते आधीच थोडे इलेक्ट्रॉन घेऊन क्षपित झालेलं असतं, नमुना न घातलेली नळीच निळसर येते, आणि अशी बाटली वापरू नये.

आमच्याकडचा एप्रिल-मे आणखी एक अडचण आणतो. दुपारी प्रयोगशाळेतलं तापमान चाळिशी ओलांडतं. निळा रंग उष्णतेत लवकर चढतो आणि लवकर उतरायलाही लागतो. हिवाळ्यात काढलेला प्रमाण आलेख उन्हाळ्यातल्या नमुन्यांना लावला तर आकडा बिघडतो, आणि कशाने बिघडला हे कळतही नाही. म्हणून गॅलिक आम्लाच्या नळ्या नमुन्यांच्याच रॅकमध्ये, त्याच सकाळी, त्याच मिनिटांच्या अंतराने लावल्या. यंत्र वाचनाच्या अर्धा तास आधी चालू करून ठेवलं, कारण दिवा स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि मध्येच वीज गेली की तो पुन्हा जातो.

गॅलिक आम्ल तोलताना बाटलीवरचं लेबल वाचावं लागतं. ते दोन रूपांत मिळतं. निर्जल रूपाचा रेणुभार 170.12 आणि एक पाण्याचा रेणू धरलेल्या मोनोहायड्रेटचा 188.14. मोनोहायड्रेट निर्जल समजून तोललं तर प्रमाण द्रावण वाटतं त्यापेक्षा पातळ होतं, आणि सगळे नमुने दहा टक्क्यांच्या आसपास उगाच श्रीमंत दिसतात. दोन प्रयोगशाळांतला असा फरक अहवालात कुठेही लिहिलेला नसतो. आमच्याकडची बाटली मोनोहायड्रेटची होती, त्याप्रमाणे वजन वाढवून घेतलं.

10 ते 100 मायक्रोग्रॅम प्रति मिली अशा प्रमाण द्रावणांवरून सरळ रेषा मिळाली:

```
y = 0.0104x + 0.012
```

इथे x म्हणजे नळीत घातलेल्या 0.5 मिली द्रावणाची संहती, मायक्रोग्रॅम प्रति मिलीमध्ये. प्रमाण आणि नमुना दोघांचेही 0.5 मिलीच घातले, त्यामुळे नळीतल्या 5 मिलीमध्ये ते आणखी पातळ होतात हा हिशेब वेगळा करावा लागत नाही. नमुना 0.5 ऐवजी 0.2 मिली घेतला तर मात्र करावा लागतो, आणि तो विसरला जाणं ही मी पाहिलेली नेहमीची चूक आहे. आकडा अडीच पटींनी खाली येतो आणि तरीही दिसायला पटण्याजोगा राहतो.

गटाच्या हिरड्याच्या मधल्या नळीचं वाचन 0.655 आलं. त्यातून 0.012 वजा करून 0.0104 ने भागलं की 61.8 मायक्रोग्रॅम प्रति मिली. अर्क पन्नासपट पातळ केला होता, म्हणून मूळ अर्कात 3.09 मिग्रॅ प्रति मिली. मूळ अर्क 50 मिली होता, म्हणून एकूण 154.6 मिग्रॅ, आणि तो 1 ग्रॅम भुकटीतून आला. म्हणजे 154.6 मिग्रॅ गॅलिक आम्ल समतुल्य प्रति ग्रॅम भुकटी. तिन्ही वजनांचे आकडे 151.4, 154.6 आणि 157.9. व्यापाऱ्याच्या पाकिटाचं मधलं वाचन 0.531, त्यातून 124.8, आणि तीन वजनं 121.9 ते 127.8 मध्ये. पहिल्या प्रयोगशाळेचे 158 आणि दुसरीच्या 412 मधून निघालेले 125 हे दोन्ही आमच्या आकड्यांशी जुळले. दोन्ही प्रयोगशाळांनी मापन नीटच केलं होतं. दोघांच्या आकड्यांची तुलना मात्र व्यापाऱ्याने एकक न वाचता केली होती.

पातळ करणं बरोबर झालं की नाही याची एक सोपी परीक्षा आहे. तोच अर्क शंभरपट पातळ करून वाचन 0.332 आलं, त्यातून 153.8. पन्नासपट आणि शंभरपट पातळ करून उत्तर एकच येत असेल तर आपण सरळ रेषेवर उभे आहोत. पातळ करत गेल्यावर उत्तर वाढत जात असेल, तर पहिलं वाचन रेषेच्या बाहेरचं होतं.

आता डीपीपीएच. तिथे 93.1 आणि 92.4 कसे आले? डीपीपीएच हे जांभळं, टिकाऊ मूलक. मिथेनॉलमध्ये 0.1 मिलिमोलर द्रावण करतात, म्हणजे 100 मिलीत 3.94 मिग्रॅ. त्याचं 3 मिली नळीत घेऊन 0.1 मिली अर्क घालायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचं आणि 517 नॅनोमीटरवर किती जांभळं उरलं ते पाहायचं. नळीत एकूण डीपीपीएच किती? 0.3 मायक्रोमोल. तेवढं संपलं की अर्कात आणखी कितीही ताकद असली तरी दाखवायला काही उरत नाही. शेवटी पिवळसर रंग राहतो, तोही 517 वर थोडासा शोषतो, म्हणून आकडा 100 वर न जाता 92-95 वर अडकतो. दोन्ही प्रयोगशाळांनी 1 मिग्रॅ प्रति मिलीचं द्रावण वापरलं होतं, एकीने भुकटीचं आणि दुसरीने अर्काचं. हिरड्यासाठी ते दोन्ही जरुरीपेक्षा कितीतरी दाट. त्या 93.1 आणि 92.4 मधून एवढंच कळतं की दोन्ही नळ्यांतलं डीपीपीएच संपलं होतं. गुळवेल तपासली काय, हिरडा तपासला काय, पुरेसं दाट द्रावण घेतलं की सगळे 90 च्या वर जातात, आणि मग अहवालात सगळ्याच वनस्पती 'उत्तम' ठरतात.

म्हणून टक्क्यांवर थांबायचं नाही, ट्रोलॉक्सशी तुलना करायची. ट्रोलॉक्स म्हणजे ई जीवनसत्त्वाचं पाण्यात त्यामानाने अधिक विरघळणारं भावंड. त्याचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू निष्प्रभ करतो. यातून आलेख काढण्याआधीच तो कुठे संपेल हे सांगता येतं. 0.3 मायक्रोमोल डीपीपीएचला 0.15 मायक्रोमोल ट्रोलॉक्स पुरतं, आणि ते 0.1 मिलीमधून द्यायचं तर द्रावण 1500 मायक्रोमोलर हवं. त्याच्यावरच्या प्रमाण द्रावणांना अर्थ नाही. आम्ही 100 ते 1200 घेतले आणि टक्क्यांची रेषा अशी आली:

```
y = 0.0645x + 0.8
```

दर मायक्रोमोलरला 0.0645 टक्के. सिद्धांताने 100 भागिले 1500, म्हणजे 0.0667 यायला हवं होतं. इतकं जवळ आल्यावर डीपीपीएच नीट तोललं गेलं आहे आणि ताजं आहे याची खात्री पटते. हा उतार बराच तिरपा किंवा बराच सपाट येत असेल तर नमुने लावण्याआधी द्रावण पुन्हा करावं.

पन्नासपट पातळ केलेला तोच अर्क इथेही चालला, म्हणजे मिलीला 0.4 मिग्रॅ भुकटी. नुसत्या मिथेनॉलच्या नळीचं वाचन 1.042, गटाच्या हिरड्याचं 0.447. फरक भागिले 1.042, म्हणजे 57.1 टक्के. रेषेवरून 873 मायक्रोमोलर ट्रोलॉक्स, भागिले 0.4, उत्तर 2182 मायक्रोमोल ट्रोलॉक्स समतुल्य प्रति ग्रॅम भुकटी. व्यापाऱ्याच्या पाकिटाचं वाचन 0.563, म्हणजे 46.0 टक्के, त्यातून 1752. गटाचा अर्क शंभरपट पातळ करून 29.3 टक्के आले, त्यातून 2209. इथेही दोन पातळ्यांवर उत्तर जुळलं.

मग मुद्दाम 1 मिग्रॅ प्रति मिलीच्याही नळ्या लावल्या. अहवालांसारखेच 93 आणि 92 च्या आसपासचे टक्के आले. ते टक्के त्याच रेषेवर बसवून पाहिले तर दोन्ही हिरडे 1420 ते 1430 मायक्रोमोलचे निघतात. जो माल 2182 चा आहे तो 1430 चा दिसतो, जो 1752 चा आहे तो 1420 चा, आणि दोघांतला फरक पुसला जातो. विद्यार्थिनीने हे चारही आकडे एका ओळीत लिहून प्रकल्पात जोडले. मला ती ओळ सगळ्या प्रकल्पात महत्त्वाची वाटते.

आता दोन्ही चाचण्या एकमेकींशी बोलतात का ते पाहू. फिनॉल्समध्ये 154.6 ला 124.8, म्हणजे गटाचा हिरडा 1.24 पट. डीपीपीएचमध्ये 2182 ला 1752, म्हणजे 1.25 पट. आधी जे दोन निकाल एकमेकांना खोटं पाडत होते ते आता एकच गोष्ट सांगतात. हे जुळणं आपोआप घडत नाही. आवळ्याचा रस घेतला असता तर फोलिनच्या निळ्या रंगात क जीवनसत्त्वाचाही वाटा आला असता, कारण अभिकर्मक फिनॉल ओळखत नाही, इलेक्ट्रॉन देणारं काहीही ओळखतं. मोहफुलासारख्या साखरेने भरलेल्या मालात क्षपणक साखरही थोडी भर घालते, आणि नळ्या गरम केल्या तर जास्तच. 'एकूण फिनॉल्स' हे नाव त्या आकड्याला सोयीचं म्हणून चिकटलं आहे. खरं तर ते 'जणू सगळं गॅलिक आम्लच असतं तर किती' या प्रश्नाचं उत्तर आहे. हिरड्यात गॅलिक आम्ल थोडं मोकळं आणि पुष्कळसं टॅनिनमध्ये गुंफलेलं असतं, म्हणून इथे तो प्रमाण पदार्थ शोभतो. कॅटेचिन किंवा टॅनिक आम्ल प्रमाण धरलं असतं तर याच हिरड्याचा आकडा वेगळा आला असता आणि तोही चूक ठरला नसता.

डीपीपीएचच्या नळ्या एक तासापर्यंत पाहिल्या तेव्हा हिरड्याचे टक्के अर्ध्या तासानंतरही थोडे सरकत होते, ट्रोलॉक्सचे जागच्या जागी होते. मोठ्या टॅनिन रेणूंची क्रिया संथ चालते. म्हणून वेळ अहवालात लिहिली पाहिजे. अर्धा तासाचा आकडा अर्ध्या तासाच्या आकड्याशीच ताडून पाहायचा.

गटाचा हिरडा सव्वापट का भरला? अर्काचा उतारा काढून पाहिला. मूळ अर्काचे 10 मिली, म्हणजे 200 मिग्रॅ भुकटीचा अर्क, तोललेल्या वाटीत वाळवला. गटाच्या मालातून 84.2 मिग्रॅ उरले, म्हणजे 42.1 टक्के. पाकिटातल्या मालातून अहवालाप्रमाणेच 30 टक्क्यांच्या आसपास. हिरड्याचं टॅनिन सालीत असतं, बी लाकडासारखं कठीण आणि त्यातून मिथेनॉलमध्ये उतरणारं फारसं काही नसतं. जाळीवर उरलेले ते फिकट दाणे बियांचेच होते. व्यापाऱ्याचा हिरडा बीसकट दळलेला होता, आणि वजनाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जरा जास्त भाग त्या बियांनी खाल्ला होता. गटाच्या बायांनी आठवड्यांमागून आठवडे हिरडा फोडून बी बाजूला काढलं, त्याचं मोल या 42 आणि 30 मध्ये दिसतं.

पण सचिवांना अर्धंच सांगणं योग्य झालं नसतं. गटाच्या हिरड्याचा आकडा अर्काच्या हिशेबाने काढला तर 154.6 भागिले 0.421, म्हणजे 367 येतो. व्यापाऱ्याचा 412. अर्काच्या ग्रॅममागे त्याचा माल खरोखरच थोडा सरस आहे. फळ किती कोवळं असताना तोडलं यावर हे बरंचसं ठरतं, आणि गटाने जमिनीवर पडलेला पक्का हिरडाही गोळा केला होता. तेव्हा कोणता आकडा खरा, हे घेणारा काय करणार यावर आहे. चूर्ण करून विकणाऱ्याने भुकटीचा आकडा पाहावा. अर्क काढून वाळवून विकणाऱ्याला दोन्ही लागतात, किती अर्क उतरेल आणि तो किती कसदार असेल. क्विंटलमागे एकूण फिनॉल्सचं गणित मात्र दोन्ही रस्त्यांनी एकच येतं, आणि त्यात गटाचा माल पुढे आहे.

ओलाव्याचा मुद्दाही तिथेच निघाला. 105 अंशांवर वाळवून पाहिलं तर गटाच्या भुकटीत 9.2 टक्के पाणी होतं, पाकिटात 7.1 टक्के. कोरड्या वजनावर गटाचा आकडा 170.3 होतो आणि व्यापाऱ्याचा 134.3. इथे फरक फार नाही, पण पावसाळ्यात बोऱ्यात पडून राहिलेला हिरडा हवेतला ओलावा ओढतो, आणि तेव्हा न वाळवलेल्या वजनावरचा आकडा माल न बदलताच खाली येतो.

सचिवांना एका कागदावर असं लिहून दिलं: बी काढलेली साल, 80 टक्के मिथेनॉल, 154.6 मिग्रॅ गॅलिक आम्ल समतुल्य प्रति ग्रॅम भुकटी, कोरड्या वजनावर 170.3, अर्काचा उतारा 42.1 टक्के, डीपीपीएच अर्ध्या तासाला 2182 मायक्रोमोल ट्रोलॉक्स समतुल्य प्रति ग्रॅम भुकटी, तीन स्वतंत्र वजनं. त्याखाली त्याच पद्धतीने, त्याच दिवशी काढलेली पाकिटाची ओळ. सचिवांनी ती वाचून विचारलं, "म्हणजे व्यापारी भाऊंना आता आम्हाला बी काढलेल्या सालीचा भाव द्यावा लागन ना?"

व्यापाऱ्याने कागद पाहिला आणि आकड्यांवर वाद घातला नाही. त्याने 154.6 कोणत्या बोऱ्याचा हे विचारलं, आणि हा प्रश्न चोख होता. गटाने तपासणीला दिलेला हिरडा एकाच घरच्या, सगळ्यात चांगल्या बोऱ्यातला होता. बाकीच्या बोऱ्यांत पक्का आणि कोवळा हिरडा मिसळलेला आहे. त्यामुळे ठरलं असं की प्रत्येक बोऱ्यातून वरून, मधून आणि खालून मूठमूठ साल काढून एकत्र दळायची, ढिगाचे चार सारखे भाग करून चौथा हिस्सा ठेवायची, आणि भाव त्या मिश्रणाच्या आकड्यावर, भुकटीच्या ग्रॅममागे, ओलावा वजा करून लावायचा. ते नमुने आमच्याकडे आले आहेत. गॅलिक आम्लाची नवी द्रावणं त्यांच्यासोबत त्याच सकाळी लागतील.